गल्ला भरला, पण पैसे सुटले का?

(सामुदायिक रेडिओवरील ‘आपला गट, आपला धंदा’ या सदरात झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

आज मी आमच्या गटाचा एक हिशेब तुमच्यापुढे मांडणार आहे. तो मांडताना थोडी लाज वाटते, पण मांडते. कारण गणपती जवळ आले, की शहरातल्या सोसायट्यांकडून गटांना निरोप यायला लागतात. “आमच्याकडे कार्यक्रम आहे, स्टॉल लावा. एखादं बक्षीस तुमच्या गटाच्या नावानं द्या. तुमची जाहिरात होईल.” डिसेंबर-जानेवारीत शाळांचेही असेच निरोप येतात. निरोप आला की आपल्याला बरं वाटतं. कुणीतरी आपल्याला विचारलं, याचाच आनंद असतो. त्या आनंदात आपण ‘हो’ म्हणून बसतो. आम्हीही असंच म्हटलं होतं.

आमचा गट सोलापूर जिल्ह्यातला, दहा जणींचा. आम्ही दोनच वस्तू करतो. एक कुटलेली शेंगदाण्याची चटणी आणि दुसरी ज्वारीची कडक भाकरी. चटणीचं पाव किलोचं पाकीट शंभर रुपयाला आणि आठ कडक भाकऱ्यांचं पाकीटही शंभरालाच. भाव मुद्दाम सारखा ठेवलाय, सुट्ट्या पैशांचा घोळ होत नाही.

दोन वर्षांपूर्वी गटाच्या धंद्याच्या खात्यात 20 हजार रुपये साठले होते. त्यातले 10 हजार आगाऊ भरून चटणी कुटायचा डंक घ्यायचा, असं ठरलं होतं. आमच्यातल्या दोघींचे खांदे कुटून कुटून दुखायला लागले होते, म्हणून हा डंक. तेवढ्यात पुण्याहून निरोप आला. आमच्या एका अक्कांची भाची तिकडं एका मोठ्या सोसायटीत राहते. ती म्हणाली, “मावशी, आमच्याकडं 120 घरं आहेत. गणपतीतल्या रविवारी रांगोळी स्पर्धा असते. तुम्ही 3 हजार रुपये भरा, बक्षिसं द्या, स्टॉल लावा. फलकावर तुमच्या गटाचं नाव लागेल.”

बैठकीत आठ हात वर गेले. दोघी गप्प राहिल्या. डंक पुढं ढकलला आणि आम्ही पुण्याला गेलो.

त्या दिवशी रात्री दहा वाजता दोघी जणींनी गल्ला मोजला. 11,600 रुपये! त्यांनी तिथूनच फोन केला. गावात आम्ही जाग्याच होतो. 116 पाकिटं एका संध्याकाळी, हे आमच्या आठवडी बाजारात कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा आम्ही पेढे वाटले. खोटं नाही सांगत, खरंच वाटले.

आठ दिवसांनी आमच्या हिशेब ठेवणाऱ्या वहिनींनी वही उघडली, आणि पेढे कडू लागले.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “11,600 ही विक्री झाली. त्यातले आपले किती?”

मैत्रिणींनो, सगळं इथूनच सुरू होतं. गल्ल्यात आलेला पैसा आपला नसतो. त्यातला बराचसा शेंगदाण्याचा, मिरची-लसणाचा, तेलाचा, पिशवीचा आणि कुटणाऱ्या बाईच्या मजुरीचा असतो. आमच्या चटणीच्या पाकिटाला हे सगळं धरून 65 रुपये लागतात, म्हणजे मागं उरतात 35. भाकरीच्या पाकिटाला 60 लागतात, उरतात 40. त्या दिवशी चटणीची 72 पाकिटं गेली, त्याचे उरले 2,520. भाकरीची 44 गेली, त्याचे 1,760. दोन्ही मिळून 4,280 रुपये. जत्रेचा खर्च भागवायचा तो या 4,280 मधून, 11,600 मधून नाही.

मग वहिनींनी खर्च लिहायला घेतला. सोसायटीला भरलेले 3 हजार. रांगोळीची तीन बक्षिसं, प्रत्येकात दोन चटण्या, एक भाकरी आणि वर कागदी डबा. विकायच्या भावानं धरू नका, आपल्याला पडलेल्या भावानं धरा. एक डबा 200 ला पडला, तीन डब्यांचे 600. स्पर्धेतल्या बाकी बायकांना आणि पोरांना वाटायला चटणीच्या 50 ग्रॅमच्या 40 पुड्या नेल्या होत्या, पुडी 15 रुपयाला पडली, म्हणजे आणखी 600. आमच्या नावाचा छापील फलक 500. चव बघायला ठेवलेला माल 300. दोघींचं जाणं-येणं, सामानाची रिक्षा, सगळं मिळून 1,600. इथपर्यंत सगळ्या ‘हो, हो’ म्हणत होत्या.

मग वहिनी म्हणाल्या, “दोघींचे दोन-दोन दिवस गेले. त्याची मजुरी?”

गेलेल्या दोघींपैकी एक अक्काच होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, ती कशाला लिहितेस? आम्ही काय पैशासाठी गेलो का?”

वहिनींनी उत्तर दिलं ते मला अजून आठवतं. “अक्का, तुम्ही पैसे घ्या नाहीतर घेऊ नका. पण वहीत लिहायचंच. नाहीतर पुढच्या वर्षी दुसरी कुणीतरी फुकट जाईल, आणि आपल्याला वाटेल जत्रा स्वस्तात होते.”

साडेतीनशे रोजानं चार रोज, 1,400 लिहिले. इथपर्यंत 8 हजार झाले. त्यात शेवटी भाकरीचा चुरा आला. कडक भाकरी आम्ही पोत्यात भरून नेली होती. रेल्वेच्या गर्दीत 14 पाकिटं मोडली. मोडकी भाकरी शहरात कुणी शंभर रुपयाला घेत नाही. त्याचे 840. एकूण खर्च 8,840.

8,840 गेले, 4,280 आले. जत्रा आम्हाला 4,560 रुपयांना पडली. उरलेली 28 चटणीची आणि 22 भाकरीची पाकिटं परत आणून आमच्या बाजारात विकली, म्हणून तो तोटा धरला नाही. आमचा बाजार गुरुवारी असतो, त्यामुळं रविवारी पुण्याला गेल्यानं तो बुडाला नाही. तुमचा बाजार बुडत असेल, तर तिथं जे उरलं असतं ते या खर्चात मिळवा.

बैठकीत शांतता पसरली. एक जण म्हणाली, “म्हणजे डंकाचे निम्मे पैसे गेले की.” अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाची त्यांची होती ना.

आता इथं थांबून एक गोष्ट सांगते. त्या दिवशी आमच्यात कुणी चोरी केली नव्हती, आळस केला नव्हता. माल चांगला होता, लोकांनी तारीफही केली. चूक जायच्या आधीच झाली होती. जायच्या आधी पाच मिनिटांचा एक भागाकार केला असता, तर सगळं कळलं असतं.

तो भागाकार असा. मोडलेल्या भाकरीचं आधी कळत नाही, ते सोडा. बाकीचे 8 हजार जायच्या आधीच दिसत होते. पाकिटामागं आपल्याला सरासरी 37 रुपये उरतात. 8 हजाराला 37 नं भागा. 216 येतात. म्हणजे खर्च निघायलाच 216 पाकिटं विकायला हवीत. आता सोसायटीत घरं किती? 120. म्हणजे प्रत्येक घरानं, गावाला गेलेल्यांनी, दार न उघडणाऱ्यांनीसुद्धा, जवळजवळ दोन-दोन पाकिटं घेतली, तर आपण बरोबरीत येणार. असं कुठं होतं का? 116 विकली गेली, हीच मोठी गोष्ट होती.

म्हणून निरोप आला, की ‘हो’ म्हणायच्या आधी हे करा. सगळा खर्च एका कागदावर लिहा, मजुरीसकट. एका पाकिटामागं उरणाऱ्या पैशानं त्याला भागा. जेवढी पाकिटं येतील, ती तिथल्या घरांशी ताडून बघा. साधारण चार घरांना एक पाकीट एवढ्यावरच खर्च निघत असेल, तर त्या दिवशीच पैसे सुटायची आशा धरा. घरटी एक किंवा दोन पाकिटं लागत असतील, तर समजा की त्या दिवशी पैसे सुटणार नाहीत. ते सुटले तर नंतरच्या मागणीतून सुटतील. मग प्रश्न बदलतो. त्या दिवशी किती विकलं हा प्रश्न राहत नाही, किती घरांनी परत मागवलं हा प्रश्न होतो.

आमचंही तेच झालं. पैसे परत यायचे तर ते मागणीतून. पण ती मागणी आपल्या जत्रेमुळंच आली, हे कळणार कसं?

इथं आमचं नशीब, की आमच्यातल्या धाकट्या सुनेनं स्टॉलवर एक वही ठेवली होती. जो पाकीट घेईल त्याला ती विचारायची, “काकू, परत लागलं तर कळवू का? नंबर देता का?” जे देतील त्यांचं नाव, फोन आणि इमारतीचं अक्षर ती लिहून घ्यायची. 43 जणांनी नंबर दिले. गावी आल्यावर त्या 43 जणांना व्हॉट्सॲपवर एकदा निरोप पाठवला, नमस्कार आणि भाव, बास. रोज फुलांची चित्रं पाठवली नाहीत, नाहीतर लोक आपला नंबर बंद करून टाकतात. आणि त्यानंतर फोनवर मागणी आली, की प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, “आमचं नाव कुठं कळलं?” उत्तर वहीत मागणीसमोर लिहायचं. ‘सोसायटी’, ‘बाजार’, ‘पाव्हणे’, असं एकेक शब्दात.

मात्र एक मोठी चूक झालीच. वाटलेल्या त्या 40 पुड्यांवर आम्ही चिठ्ठी चिकटवलीच नव्हती. नाव नाही, फोन नाही. घरी जाऊन कुणी चटणी खाल्ली, आवडली, तरी मागवणार कुणाकडून? 600 रुपयांची चटणी लोकांच्या पोटात गेली, पण नाव कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. पाकिटावर नाव, फोन, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख आणि अन्न नोंदणीचा 14 आकडी क्रमांक हवाच. शहरातली बाई पाकीट उलटं करून हे सगळं बघते. पण छोट्या पुडीलाही ती चिठ्ठी लावा, कारण पुडीच तर नव्या घरात जाते.

तीन महिने आम्ही वही चालवली. दिवाळी त्यात आली. तीन महिन्यांत सोसायटीतल्या 17 घरांनी मागवलं. आम्ही खूश झालो. तर वहिनी म्हणाल्या, “त्यातली दोन घरं काढा. एक भाचीचं, दुसरं तिच्या नणंदेचं. ती दोघी आपल्याकडून आधीपासून घेतात. जत्रा झाली नसती तरी त्यांनी मागवलंच असतं.” बरोबर आहे. आधीचं गिऱ्हाईक जत्रेच्या खात्यात लिहिलं, की आपण आपल्यालाच फसवतो. राहिली 15 घरं. त्यातल्या नऊ घरांनी एकदाच मागवलं, सहा घरांनी पुन्हा पुन्हा.

त्या 15 घरांची मिळून 150 पाकिटं झाली, 90 चटणीची आणि 60 भाकरीची. त्यातून उरले 5,550. पण माल पुण्याला पोचवायचा कसा? दर पंधरा दिवसांनी एक खोकं पार्सलनं भाचीकडं जायचं, 250 रुपये एका खेपेला. सहा खेपांचे 1,500. आणि भाची ते घरोघर वाटायची. तिलाही आम्ही पाकिटामागं 5 रुपये दिले, 750 झाले. ती नको म्हणत होती. पण नात्यातलं काम फुकटात घेतलं, की एक दिवस ते बंद पडतं, आणि तेव्हा धंदाही बंद पडतो. हे सगळं वजा जाता राहिले 3,300.

म्हणजे जत्रेची तूट 4,560, त्यातले 3,300 तीन महिन्यांत आले. अजून 1,260 बाकी. दिवाळी गेल्यावर ती सहा घरंच राहिली. महिन्याला मिळून 24 पाकिटं. आम्ही खेप महिन्याला एकच केली, तेव्हा पार्सल आणि वाटणावळ जाऊन महिन्याला पाचशेच्या थोडं वर उरायला लागलं. होळीच्या आसपास जत्रेचे पैसे पूर्ण सुटले. सहा महिने लागले. त्यानंतर जे येतं ते खरं नफ्याचं, महिन्याला पाचशे रुपये.

आता सांगा, जत्रा परवडली का?

आमच्या बैठकीत यावर दोन तट पडले. अक्का म्हणाल्या, “पैसे सुटले, वर सहा घरं कायमची मिळाली. परवडली.” वहिनी म्हणाल्या, “सहा महिने पैसे अडकले. डंक तेवढ्या दिवसांनी लांबला. तोपर्यंत दोघींचे खांदे दुखतच राहिले. त्याचं काय?” दोघींचंही खरं होतं. शेवटी आम्ही असं ठरवलं, की जत्रेला नाही म्हणायचं नाही, पण त्याच खर्चात पुन्हा जायचं नाही. आणि जायच्या आधीच एक रेघ आखायची. तीन महिन्यांत खर्च निघाला, तर पुन्हा जाऊ. नाही निघाला, तर ती सोसायटी सोडू. ही रेघ आधी आखावी लागते. नंतर आखायला बसलं, तर ज्याला जायचंय तो ती खाली आखतो, ज्याला जायचं नाही तो वर.

पुढच्या वर्षी पुन्हा निरोप आला, तेव्हा आम्ही सोसायटीच्या सेक्रेटरींशी थेट बोललो. आधीच्या वर्षी आम्ही काहीच विचारलं नव्हतं. त्यामुळं आमचं टेबल मंडपापासून लांब, गाड्या लावायच्या जागेमागं लागलं होतं. दुपारी चारपासून दोघी बसून होत्या आणि गर्दी आली ती रात्री आठच्या आरतीनंतर. यावेळी आम्ही विचारलं, टेबल कुठं असेल? लोक कधी खाली उतरतात? आणखी कुणाचा चटणी-मसाल्याचा स्टॉल आहे का? ठरलं ते त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं. तोंडी बोलणं कार्यक्रमाच्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि आपण परगावचे, तिथं भांडत बसता येत नाही.

मग आम्ही पैशाचं बोललो. मी स्वतः फोनवर होते. म्हटलं, “साहेब, रोख 3 हजार आम्हाला झेपत नाहीत. त्याच्या बदल्यात रांगोळीची तिन्ही बक्षिसं आमची. शिवाय तुमच्या 120 घरांना प्रत्येकी एक चटणीची पुडी देतो. तुम्ही सोसायटीची कार्यक्रमपत्रिका घरोघर देता, तिच्यासोबत ती जाऊ द्या. आम्हाला फक्त आरतीच्या वेळी तीन तास मंडपाशेजारी एक टेबल द्या.” ते दोन दिवसांनी ‘हो’ म्हणाले. त्यांनाही ते बरं वाटलं, कारण सगळ्या घरांना काहीतरी मिळणार होतं. मैत्रिणींनो, आयोजकांना नेहमी रोख पैसेच हवे असतात असं नाही. त्यांना कार्यक्रम साजरा व्हायला हवा असतो. आपल्याला रुपयाला पडलेला माल त्यांना दीड रुपयाचा असतो. म्हणून देताना माल द्यायचा, रोख नाही.

त्या वर्षीचा खर्च सांगते. बक्षिसांचे 600. पुड्या 120, पुडीला 15 प्रमाणं 1,800, आणि यावेळी प्रत्येक पुडीवर नाव-फोनाची चिठ्ठी. एकच जण गेली, मदतीला भाची. जाण्या-येण्याचे 900, दोन दिवसांची मजुरी 700. फलक जुनाच नेला. सगळे मिळून 4 हजार. 37 नं भागलं तर 108 पाकिटं. घरटी एक पाकीटसुद्धा नाही. म्हणजे या वेळी आशा होती.

माल कमी नेला. भाकरी पोत्यात नाही, पत्र्याच्या डब्यांत नेली, एकही पाकीट मोडलं नाही. आदल्या वर्षीच्या घरांनी स्टॉलवर 12 पाकिटं घेतली, ती आम्ही मोजली नाहीत, कारण त्यांनी फोनवरूनही घेतलीच असती. नव्या लोकांनी 64 घेतली, 40 चटणीची आणि 24 भाकरीची. त्यातून उरले 2,360. त्या दिवसाची तूट 1,640.

म्हणजे गल्ला आदल्या वर्षीपेक्षा कितीतरी कमी, पण तूटही कितीतरी कमी. आणि यावेळी पुडीवर फोन होता. जे स्टॉलवर आलेच नाहीत, अशा घरांतूनही फोन आले. “तुमची पुडी आली होती हो, संपली.” तीन महिन्यांत 11 नवी घरं मिळाली, 70 पाकिटं गेली. भाचीची वाटणावळ आणि पार्सलचं वाढलेलं वजन वजा करून त्यातून 1,940 राहिले. तूट भरून वर 300 रुपये उरले. आखलेली रेघ आम्ही ओलांडली, म्हणून यंदाही जाणार आहोत. डंक? तो आला, आदल्या उन्हाळ्यात. 9 महिने उशिरा आला, पण आला.

आता शाळेबद्दल थोडं बोलते, कारण बऱ्याच जणी विचारतात. आमच्या गावच्या शाळेत 26 जानेवारीला खेळाच्या स्पर्धा असतात. आम्ही सहा मुलांना जेवणाचे डबे बक्षीस दिले, झाकणावर गटाचं नाव घालून. 900 रुपये लागले. माइकवरून नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. त्यानंतर त्यामुळं एकही पाकीट विकलं गेलं नाही. जाणार कसं? तिथं पोरं होती, आणि जे मोठे होते ते आपल्याच गावचे. आमची चटणी त्यांना आधीच ठाऊक.

मग ते पैसे वाया गेले का? नाही. पण तो खर्च जाहिरातीचा नाही, ती देणगी आहे. वहीत आम्ही ती ‘देणगी’ या पानावर लिहिली, आणि त्या पानाला वर्षाची मर्यादा घातली, दीड हजाराची. गावच्या शाळेला द्यावंसं वाटतं, ते द्यावं. फक्त देणगीला धंदा म्हणायचं नाही आणि धंद्याला देणगी म्हणायची नाही. जत्रेत तोटा झाला, की ‘जाऊ दे, पुण्य लागलं’ म्हणायची आपल्याला सवय आहे. तशी पळवाट ठेवली, की हिशेब कधीच होत नाही. शाळेकडून धंदा हवा असेल, तर स्नेहसंमेलनाचा दिवस बघा, जेव्हा आई-बाप येतात, आणि शाळा आपल्या गावची नाही, तालुक्याची बघा, जिथं आपली चव अजून पोचलेली नाही. त्यालाही तोच भागाकार लावा.

जाता जाता एवढंच सांगते. गणपतीचा निरोप तुमच्या गटाला आला असेल, तर उत्तर द्यायच्या आधी बैठक घ्या. वहीचं एक कोरं पान काढा. वर लिहा, पाकिटामागं आपले किती उरतात. खाली सगळा खर्च लिहा, जाणाऱ्या बाईच्या रोजासकट. भागाकार करा, घरं मोजा. मग किती दिवसांत पैसे सुटले पाहिजेत ती तारीख लिहा, आणि दहाही जणींनी त्याखाली सह्या करा. कार्यक्रमानंतर ज्या दिवशी ती तारीख येईल, त्या दिवशी ते पान पुन्हा उघडा. तोवर पेढे वाटू नका.

आमच्या अक्का आता प्रत्येक निरोपाला पहिला प्रश्न विचारतात, “घरं किती?” भाचीचा फोन असला तरी.

नमस्कार.